लंबकाच्या जर्नलमधली बसवलेली रीडिंग कशी ओळखावीत

भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलचे जर्नल तपासण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे नुकतीच आली आहे, अशा शिक्षकांसाठी आणि प्रयोगशाळा सहायकांसाठी हा लेख आहे. रीडिंग बसवण्याची सवय जुनी आहे. उत्तर आधी ठाऊक असते, सूत्र ठाऊक असते, मग उलटे गणित करून निरीक्षणांचा तक्ता भरला जातो. पूर्वी त्यासाठी विद्यार्थ्याला निदान अर्धा तास कॅल्क्युलेटर घेऊन बसावे लागे. आता भाषा लिहिणाऱ्या यंत्राला ‘साध्या लंबकाच्या प्रयोगाचा अहवाल लिहून दे’ एवढे सांगितले की उद्दिष्ट, उपकरणे, कृती आणि निष्कर्ष यांच्याबरोबर निरीक्षणांचा भरलेला तक्ताही मिळतो. त्या तक्त्यातले आकडे कोणत्याही घड्याळावर कधी उमटलेले नसतात. अहवाल सहसा कसे दिसतात हे यंत्राला ठाऊक असते आणि त्यावरून शोभतील असे आकडे ते लिहिते.

सगळ्या प्रयोगांबद्दल थोडे थोडे सांगण्यापेक्षा साधा लंबक हा एकच प्रयोग मी येथे घेतला आहे. तो जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयात होतो, त्याची उपकरणे साधी आहेत आणि त्यातली चूक कुठून येते हे नेमके माहीत आहे. पुढचे तक्ते समजावण्यासाठी मी स्वतः तयार केले आहेत. ते कोणा विद्यार्थ्याचे नाहीत.

## आधी आपल्या प्रयोगशाळेची चूक मोजा

जर्नल हातात घेण्यापूर्वी एक काम स्वतः करावे लागते, आणि नवीन तपासनीस नेमके तेच टाळतात. लंबकाची लांबी ८० सेंटीमीटर ठेवा, विद्यार्थी वापरतात तेच स्टॉपवॉच घ्या आणि २० दोलनांचा वेळ सलग दहा वेळा मोजा. एका वेळेला सुमारे ३६ सेकंद लागतात, म्हणजे सगळे काम दहा मिनिटांत आटोपते. दहाही रीडिंग कागदावर लिहा, एकही खोडू नका.

स्टॉपवॉच शतांश सेकंद दाखवणारे असेल, तरी तुमची दहा रीडिंग शतांशापर्यंत जुळणार नाहीत. गोळा मध्यबिंदूवरून जाताना बटण दाबण्यात हाताकडून थोडे मागेपुढे होते. त्यातला जो उशीर दर वेळी सारखाच असतो, तो सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे येतो आणि वजाबाकीत निघून जातो. जो भाग दर वेळी बदलतो तो मात्र रीडिंगमध्ये राहतो. सरावलेल्या हाताकडून हा फरक साधारण अर्धा-एक दशांश सेकंद असतो, नवख्या हाताकडून त्याहून जास्त. स्टॉपवॉचचा लीस्ट काउंट ०.०१ सेकंद आहे म्हणून मोजमापही ०.०१ सेकंदापर्यंत अचूक आहे, असा समज विद्यार्थ्यांमध्ये सर्रास आढळतो. तक्ता बसवणाराही बहुतेक वेळा याच समजापायी पकडला जातो.

तुमच्या दहा रीडिंगमधला हा फरक लिहून ठेवा. पुढची सगळी तपासणी त्याच्या आधारावर होईल. तो मोजल्याशिवाय एखादा तक्ता ‘फारच गुळगुळीत’ आहे असे म्हणणे म्हणजे नुसता अंदाज.

याच वेळी उपकरणांचीही एक छोटी नोंद करून ठेवा. स्टॉपवॉच कोणते आहे, शतांश दाखवणारे डिजिटल की एक दशांश किंवा त्याहून जाड भागांचे काट्याचे. मीटरपट्टीवर मिलिमीटरच्या खुणा आहेत का. लंबकाच्या गोळ्यांचे व्यास किती आहेत. कोणत्या व्हर्निअर कॅलिपरला शून्य त्रुटी आहे आणि ती किती आहे. ही माहिती फक्त तुमच्या प्रयोगशाळेत असते, यंत्राकडे नसते.

## आकड्यांमधली दशांशस्थळे पाहा

जर्नल उघडल्यावर पहिल्यांदा किंमती पाहू नका. प्रत्येक आकडा दशांशाच्या किती घरांपर्यंत लिहिला आहे ते पाहा. मिलिमीटरच्या पट्टीने लांबी मोजली तर सेंटीमीटरमध्ये दशांशाचे एक घर खात्रीने मिळते. दुसरे घर कोणी नजरेने अंदाजून लिहिलेच, तर तेथे बहुतेक ० किंवा ५ येतो. ‘८०.३७ सेंटीमीटर’ असे मीटरपट्टीवर वाचता येत नाही. प्रयोगशाळेत ०.१ सेकंदाची काट्याची घड्याळे असतील आणि जर्नलमध्ये २८.३७ सेकंद लिहिले असेल, तर तो आकडा त्या घड्याळावर दिसणे शक्यच नाही.

येथे एक खबरदारी घ्यावी लागते. अनेक विद्यार्थी आता मोबाइलचे स्टॉपवॉच वापरतात आणि ते शतांश सेकंद दाखवते. उपकरणांच्या यादीत काट्याचे घड्याळ लिहिलेले असेल, पण प्रत्यक्षात मोबाइल वापरला असेल, तर तो निष्काळजीपणा झाला, बनावटगिरी नव्हे. त्याचप्रमाणे प्रकाशकिरण तुटल्यावर आपोआप वेळ नोंदवणारे फोटोगेट तुमच्याकडे असेल, तर त्याची रीडिंग मिलिसेकंदाच्या आसपास जुळतील आणि ती तशीच जुळायला हवीत. म्हणून निकाल देण्यापूर्वी ‘वेळ कशाने मोजला?’ हा प्रश्न विचारायचाच.

व्हर्निअरच्या नोंदीकडेही येथेच लक्ष द्या. कॅलिपर क्रमांक तीनला शून्य त्रुटी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. विद्यार्थ्याने तोच कॅलिपर वापरल्याचे लिहिले आहे आणि त्याखाली ‘शून्य त्रुटी : नाही’ असे आहे. किंवा गोळ्याचा व्यास अगदी २.०० सेंटीमीटर लिहिला आहे आणि तुमच्या कपाटात त्या व्यासाचा एकही गोळा नाही. केवळ यावरून काही सिद्ध होत नाही, पण पुढचा तक्ता बारकाईने पाहण्याला ते पुरेसे कारण आहे.

## एकाच लांबीची तीन रीडिंग एकमेकांशी ताडून पाहा

तपासणीचा सगळ्यात कसदार भाग हा आहे, म्हणून त्याला वेळ द्यावा. पुढील तक्ता पाहा. दर लांबीला २० दोलनांचा वेळ सेकंदांत तीनदा दिला आहे.

| लांबी (सेंमी) | पहिले | दुसरे | तिसरे | सरासरी |
|---|---|---|---|---|
| ५०.० | २८.३६ | २८.३८ | २८.३७ | २८.३७ |
| ६०.० | ३१.०७ | ३१.०९ | ३१.०८ | ३१.०८ |
| ७०.० | ३३.५६ | ३३.५८ | ३३.५७ | ३३.५७ |
| ८०.० | ३५.८८ | ३५.९० | ३५.८९ | ३५.८९ |
| ९०.० | ३८.०५ | ३८.०७ | ३८.०६ | ३८.०६ |
| १००.० | ४०.११ | ४०.१३ | ४०.१२ | ४०.१२ |

घाईत पाहिले तर हा उत्तम विद्यार्थ्याचा तक्ता वाटतो. आता प्रत्येक ओळीतल्या सर्वांत मोठ्या रीडिंगमधून सर्वांत लहान रीडिंग वजा करा. सहाही ओळींत उत्तर ०.०२ सेकंद येते. हाताने बटण दाबण्यातला फरक ०.१ सेकंदाच्या आसपास असेल, तर तीन रीडिंगमधले अंतर सरासरीने ०.१७ सेकंदाच्या जवळपास यायला हवे. ते ०.०२ किंवा त्याहून कमी येणे साधारण शंभरातून एकदा घडते. एका ओळीत असे घडले तर तो योगायोग मानावा, आणि एका ओळीवरून कोणाला बोलू नये. सलग सहा ओळींत तसे घडले, तर ते आकडे हातातल्या घड्याळावरून आलेले नाहीत असे म्हणायला आधार मिळतो.

आता थोडे आणखी जवळून पाहा. प्रत्येक ओळीत पहिले रीडिंग सरासरीहून ०.०१ ने कमी आहे, दुसरे ०.०१ ने जास्त आहे आणि तिसरे नेमके सरासरीइतके आहे. आधी सरासरी ठरवून मग तिच्या दोन्ही बाजूंना थोडे थोडे सरकवून तीन रीडिंग तयार केली की असेच दिसते. खऱ्या मोजणीत दोन रीडिंग एकीकडे आणि एक बरेच दूर, अशा ओळी हटकून येतात.

लांबीच्या स्तंभाचेही तेच. दोरा क्लॅम्पमध्ये अडकवून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी नेमकी ५०.०, ६०.०, ७०.० अशी सहा वेळा आणणे अशक्य नाही, पण त्यासाठी दोरा पुनःपुन्हा सरकवत बसावे लागते. बहुतेक विद्यार्थी तेवढा खटाटोप करत नाहीत. दोरा ढोबळमानाने बांधतात आणि जी लांबी येईल ती लिहितात. तुमच्या शिक्षकांनी ‘लांबी पूर्ण दहाच्या पटीतच घ्या’ असे सांगितले असेल, तर अर्थातच हा मुद्दा बाद होतो.

प्रामाणिक तक्ता कसा असतो ते ताडून पाहण्यासाठी त्यातल्या चार ओळी पुढे देतो.

| लांबी (सेंमी) | पहिले | दुसरे | तिसरे |
|---|---|---|---|
| ५१.३ | २८.७२ | २८.९१ | २८.६६ |
| ६९.९ | ३३.४९ | ३३.६२ | ३३.७१ |
| ८०.४ | ३५.९४ | ३६.१९ | ३६.०३ |
| ९९.६ | ३९.९८ | ४०.११ | ४०.०३ |

पहिल्या तीन ओळींत अंतर पाव सेकंदाच्या आसपास आहे, चौथ्या ओळीत ०.१३. अंतरही दर वेळी बदलते आहे. समजा ६९.९ च्या ओळीत ३५.२४ हा आकडा लिहून खोडलेला आहे. त्या लांबीला एका दोलनाला सुमारे १.६८ सेकंद लागतात आणि ३५.२४ हा आकडा बाकीच्यांपेक्षा साधारण तेवढ्यानेच मोठा आहे. म्हणजे विद्यार्थ्याने चुकून २१ दोलने मोजली होती. अशी खोडलेली नोंद मला फार मोलाची वाटते, कारण चुकीचा आकार प्रयोगाच्या घडणीतून आला आहे. ‘शून्य’ म्हणत मोजणी सुरू करायची की ‘एक’ म्हणत, हा घोळ घातलेल्या माणसाच्याच वहीत तो आकडा येऊ शकतो.

## प्रत्येक ओळीतून गुरुत्व त्वरण स्वतंत्रपणे काढा

जर्नलमध्ये बहुधा शेवटी एकच उत्तर असते. तपासताना ते उत्तर बाजूला ठेवून प्रत्येक ओळीतून गुरुत्व त्वरणाची किंमत वेगळी काढावी. संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये पहिल्या स्तंभात लांबी मीटरमध्ये आणि दुसऱ्या स्तंभात एका दोलनाचा काळ सेकंदांत भरला, तर पुढचे एक सूत्र पुरते.

```
=4*PI()^2*A2/B2^2
```

पहिल्या तक्त्याला हे सूत्र लावले की सहा ओळींतून ९.८०८ ते ९.८११ अशा किंमती मिळतात. सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत लहान किंमत यांच्यातला फरक ०.००४ सुद्धा नाही. आता हाताच्या मोजणीत किती फरक अपेक्षित आहे ते पाहू. एका रीडिंगमध्ये ०.१ सेकंदाची चूक धरली, तर तिघांच्या सरासरीत ती सुमारे ०.०६ सेकंद राहते. २८ सेकंदांच्या मानाने हे ०.२ टक्के झाले. सूत्रात काळाचा वर्ग असल्याने त्याचे ०.४ टक्के होतात, म्हणजे गुरुत्व त्वरणात सुमारे ०.०४ इतका चढउतार यायला हवा. लांबी १०० सेंटीमीटर असताना तो ०.०३ च्या आसपास असेल. अपेक्षित चढउताराच्या दहाव्या भागात सहाच्या सहा किंमती बसल्या आहेत. दुसऱ्या तक्त्यातल्या चार ओळी ९.७९, ९.७७, ९.७७ आणि ९.८१ देतात. शहाण्या हाताने केलेला प्रयोग असाच दिसतो.

येथे ९.८१ या आकड्याबद्दल दोन शब्द. मुंबईत गुरुत्व त्वरण सुमारे ९.७९ आहे, ९.८१ ही किंमत आपल्यापेक्षा बऱ्याच उत्तरेकडच्या अक्षांशांवरची आहे. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत ती जागोजागी छापलेली असल्यामुळे यंत्राने तयार केलेल्या तक्त्यात ती वारंवार मूळ धरून बसते. पण म्हणून सरासरी उत्तर ९.८१ आले यावरून कोणावर संशय घेऊ नये. आपल्या स्टॉपवॉचला ९.७९ आणि ९.८१ यांतला फरक खात्रीने कळतच नाही. पाहायचे ते एवढेच की प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे त्याच आकड्यावर येऊन थांबते का.

उलट प्रकारचे तक्तेही मिळतात. त्यांत ओळीतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, पण शेवटचे उत्तर मात्र सुरेख असते. उदाहरणार्थ, ०.८० मीटर लांबीसमोर काळाचा वर्ग ३.३१ लिहिला आहे आणि त्याच ओळीत गुरुत्व त्वरण ९.८१ दिले आहे. गणित करून पाहिले तर ९.५४ येते. यंत्राने हिशेब केलेलाच नसतो, उत्तराच्या जागी शोभेल असे उत्तर ठेवलेले असते. मात्र लहानसा विसंवाद पाहून लगेच बोट ठेवू नका. काळ १.७९ आणि वर्ग ३.२२ असे लिहिलेले दिसले, तर कॅल्क्युलेटरमध्ये १.७९४५ ही पूर्ण किंमत ठेवून विद्यार्थ्याने लिहिताना ती छाटली आहे. १.७९ चा वर्ग ३.२० येतो म्हणून तो खोटा ठरत नाही.

## आलेख सरळ आहे म्हणून फसू नका, आणि म्हणूनच संशयही घेऊ नका

लांबी आणि काळाचा वर्ग यांचा आलेख काढल्यावर बिंदू रेषेवर इतके चोख बसलेले पाहून नवीन तपासनीस दचकतो. संगणकाने काढलेल्या आलेखाखाली R² = 0.9998 असे छापलेले असले तर त्याचा संशय आणखी बळावतो. ही कसोटी लंबकासाठी निरुपयोगी आहे. लांबी ५० पासून १०० सेंटीमीटरपर्यंत बदलली की काळाचा वर्ग २ पासून ४ पर्यंत जातो, आणि त्या मानाने ०.०१ च्या आसपासची चूक इतकी किरकोळ असते की प्रामाणिक प्रयोगातही R² जवळजवळ १ च येतो. ज्या प्रयोगात चूक मोठी आणि मापनाचा पल्ला लहान असतो, तेथे ही संख्या काही सांगू शकेल. येथे ती काही सांगत नाही.

आलेखातली उपयोगी गोष्ट वेगळी आहे. रेषा पुढे वाढवली तर ती आरंभबिंदूतून जाते का ते पाहा. विद्यार्थी पुष्कळदा दोरा गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजतात आणि गोळ्याची त्रिज्या मिळवायला विसरतात. गोळ्याचा व्यास २ सेंटीमीटर असेल तर प्रत्येक लांबी १ सेंटीमीटरने कमी लिहिली जाते. तशा तक्त्यात ५० सेंटीमीटरच्या ओळीतून गुरुत्व त्वरण ९.५९ च्या आसपास येते आणि १०० च्या ओळीतून ९.६९ च्या आसपास. लांबी वाढेल तशी किंमत चढत जाते, आणि आलेखाची रेषा काळाच्या वर्गाच्या अक्षाला शून्याच्या थोडे वर, ०.०४ च्या जवळ, छेदते. उत्तर चुकले आहे, पण चूक एकाच बाजूला झुकलेली, सलग आणि कारण सांगता येण्याजोगी आहे. अशा जर्नलला मी उत्तरासाठी गुण कमी देईन, पण रीडिंग खरी आहेत याची मला जवळजवळ खात्री असेल. गोळा फार लांब ओढून सोडल्यानेही असाच एकतर्फी परिणाम होतो: आयाम २० अंश असला तर दोलनकाल सुमारे पाऊण टक्क्याने वाढतो आणि गुरुत्व त्वरण दीड टक्क्याने कमी येते.

बसवलेल्या तक्त्यात ही एकतर्फी चूक सहसा नसते. चूक घातलीच तर ती दोन्ही बाजूंना सारखी सांडलेली असते आणि सरासरीत नाहीशी होते. त्याच अहवालातल्या ‘त्रुटींची कारणे’ या परिच्छेदात मात्र हवेचा रोध, प्रतिक्रियेचा वेळ, दोऱ्याचे वजन अशी सगळी नावे असतात. त्यांतले एकही कारण तक्त्यातल्या एकाही आकड्याशी जोडलेले नसते. प्रयोग केलेला विद्यार्थी बहुधा लिहितो की पंखा सुरू होता म्हणून गोळा लंबवर्तुळात फिरू लागला, आणि त्या लांबीचे रीडिंग आम्ही परत घेतले.

## या पद्धतीला कुठे मर्यादा आहे

‘आकडे फारच छान जुळतात’ या आक्षेपाला विज्ञानात जुना आणि गंभीर इतिहास आहे. १९३६ साली संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी ग्रेगोर मेंडेल यांची वाटाण्याच्या झाडांवरची आकडेवारी तपासली आणि ती सिद्धान्ताशी अपेक्षेपेक्षा जास्त जुळते, असे दाखवून दिले. त्यावर पुढे अनेक दशके वाद चालला, आणि मेंडेल यांनी स्वतः फसवणूक केली असा निष्कर्ष त्यातून निघू शकला नाही. हे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण आपल्या टेबलावरच्या जर्नललाही तोच न्याय लागू आहे. आकडे जास्त जुळतात हे गणिताने दाखवता येते; ते कोणी आणि का जुळवले हे गणित सांगत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने खरोखर प्रयोग केला असेल आणि न जुळणारी रीडिंग भीतीपोटी गाळून टाकली असतील. तेही चुकीचेच आहे, पण त्याला वेगळे समजावावे लागते.

दुसरी मर्यादा तांत्रिक आहे. कोणी संगणकाकडून सूत्राने वेळ काढून घेतला आणि त्यात ०.१ सेकंदाचा यादृच्छिक चढउतार मिसळला, तर वरच्या कसोट्यांपैकी बहुतेक निष्फळ ठरतात. तीन रीडिंगमधले अंतर खरे वाटते, गुरुत्व त्वरण ओळीओळीला बदलते. असा तक्ता कागदावरून ओळखता येईलच असे नाही. तेथे पुढच्या भागातला उपायच चालतो.

तिसरी गोष्ट भाषेची आहे. मराठी माध्यमातून आलेली अनेक मुले स्वतः घेतलेली रीडिंग हाताशी ठेवून फक्त इंग्रजी नीट व्हावे म्हणून यंत्राची मदत घेतात. अशा अहवालाची भाषा गुळगुळीत असते, सिद्धान्ताचा परिच्छेद पाठ्यपुस्तकासारखा असतो, आणि तक्ता मात्र ओबडधोबड आणि खरा असतो. तुमच्या महाविद्यालयाच्या नियमांत ही मदत बसते की नाही हा वेगळा प्रश्न आहे. तो खोट्या मापनाच्या प्रश्नात मिसळू नये. लेखन यंत्राचे आहे की माणसाचे हे सांगणारी जी सॉफ्टवेअर आहेत, ती वाक्ये पाहतात. तक्त्यातले २८.३७ कुठून आले हे त्यांना कळण्याचा मार्गच नाही, आणि म्हणून या कामासाठी त्यांच्या निकालावर मी मुळीच भिस्त ठेवत नाही.

## संशय आल्यावर काय करावे

पहिल्यांदा रफ वही मागा. फेअर जर्नलमध्ये उतरवण्यापूर्वीची रीडिंग कुठेतरी असायला हवीत. ज्या प्रयोगशाळेत बॅच संपण्यापूर्वी रफ रीडिंगवर शिक्षकांची तारखेसह सही घेण्याची पद्धत आहे, तेथे हे काम एका मिनिटाचे असते. ती पद्धत तुमच्याकडे नसेल तर या सत्रापासून सुरू करा. सही केलेल्या कच्च्या आकड्यांशी फेअर तक्ता ताडला की यादृच्छिक चढउतार मिसळलेला तक्ताही उघडा पडतो. प्रयोग जोडीने किंवा गटाने झाला असेल तर सगळ्यांची रीडिंग सारखीच असणार, त्यात वावगे काही नाही. पण वेगवेगळ्या टेबलांवर, वेगवेगळे गोळे घेऊन काम केलेल्या चार जणांच्या जर्नलमध्ये तीच सहा लांब्या आणि सरकवण्याचा तोच क्रम दिसला, तर ती चारही जर्नले शेजारी शेजारी ठेवून पाहा.

त्यानंतर विद्यार्थ्याला एकट्याला बोलवा, बॅचसमोर नव्हे. ‘तू यंत्राकडून लिहून घेतलेस का?’ या प्रश्नाने सुरुवात केली तर मूल बचावाच्या पवित्र्यात जाते आणि संभाषण तेथेच संपते. त्याऐवजी त्याच्याच तक्त्यातली एक ओळ निवडा आणि सांगा, “ही ८० सेंटीमीटरची ओळ माझ्यासमोर परत घेऊ या. तू लंबक लाव, मी बसतो.” तीन वेळा २० दोलने म्हणजे दोन मिनिटांहून कमी वेळ. त्याच्या हालचाली पाहा: लांबी कुठून कुठपर्यंत मोजतो, गोळा किती ओढतो, मोजणी शून्याने सुरू करतो की एकाने. मग तीन नवी रीडिंग जुन्या ओळीखाली लिहा.

नवी रीडिंग ३५.७९, ३६.०४ आणि ३५.९२ अशी आली, तर जुन्या ओळीतले ३५.८८, ३५.९० आणि ३५.८९ त्याच हाताने आले होते का, हे त्यालाच विचारा. प्रश्न विचारून थांबा. बहुतेक विद्यार्थी येथे खरे सांगतात, कारण दोन ओळी समोरासमोर आल्या की आरोपाची गरज उरत नाही. नवी रीडिंगही ०.०२ सेकंदात जुळली, तर त्या विद्यार्थ्याचा हात विलक्षण स्थिर आहे आणि तुमचा संशय चुकीचा होता; तसे त्याला स्पष्ट सांगा आणि जर्नलवर सही करा.

ओळ जुळली नाही तर शेरा लिहिताना आकडे लिहावेत, विशेषणे लिहू नयेत. ‘सहा ओळींत तीन रीडिंगमधले अंतर प्रत्येकी ०.०२ से.; समक्ष घेतलेल्या ओळीत ०.२५ से.; प्रयोग पुन्हा करून नवीन तक्ता जोडावा’ एवढा शेरा पुरेसा आहे. जुना तक्ता फाडू नका किंवा खोडू नका, तो तसाच राहू द्या आणि नवीन तक्ता त्याच्या पुढच्या पानावर तारीख घालून घ्या.